पिग्मी एजंटांना नव्या ठेवीचं परिपत्रक कसं लिहावं: पात्रता, कमिशन आणि प्रशिक्षणाचं वेळापत्रक

संध्याकाळी सात वाजता सांगलीच्या गणपती पेठेत एखाद्या दुकानाच्या पायरीशी थोडा वेळ उभं राहिलं, की पिग्मी एजंट दिसतोच. खांद्याला बॅग, एका हातात छोटा प्रिंटर, दुसऱ्या हातात मोबाईल. गल्ल्यावर गिऱ्हाईक असेल तर तो बाजूला थांबतो. संस्थेनं पाठवलेलं परिपत्रक तो वाचतो ते अशा थांबण्याच्या दोन मिनिटांत, मोबाईलच्या पडद्यावर, लहान अक्षरात. त्या दोन मिनिटांत त्याला तीन गोष्टी शोधायच्या असतात: हे माझ्यासाठी आहे का, मला किती मिळणार, आणि मला कुठं कधी यायचंय.

सांगली जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत ठेव विभाग सांभाळताना अशी बरीच परिपत्रकं मी लिहिली. काहींनी काम सोपं केलं, दोन-तीनांनी वर्षभर भांडणं पुरवली. त्या अनुभवावरून एक पूर्ण उदाहरण घेऊन सांगतो. आठवडी बाजारात बसणारे भाजीवाले, कपडेवाले, मसालेवाले यांना रोजची पिग्मी झेपत नाही, कारण त्यांची खरी विक्री आठवड्यातून एक-दोन दिवसच होते. त्यांच्यासाठी संस्थेनं 'साप्ताहिक ठेव' काढली असं धरू. मुदत ५२ आठवडे, दर आठवड्याला किमान २०० रुपये, पुढं १०० च्या पटीत. मुदत पूर्ण झाल्यावर द. सा. द. शे. ४ टक्के व्याज. पैसे गोळा करणार पिग्मी एजंटच. आकडे उदाहरणाचे आहेत. तुमच्या संस्थेचे वेगळे असतील, पण हिशेबाची रीत तीच राहील.

लिहायला बसण्याआधी दोन कागद

पहिला कागद म्हणजे संचालक मंडळाचा ठराव. कमिशनचा दर, कधी द्यायचं, कधी रोखायचं, हे सगळं ठरावात आकड्यांत आलेलं हवं. 'एजंटांना योग्य कमिशन देण्यात यावे' असा ठराव हातात घेऊन परिपत्रक लिहायला बसू नका. त्यातलं 'योग्य' मग तुम्हीच ठरवता, आणि सहा महिन्यांनी कुणी बोट दाखवलं की उत्तर देणारेही तुम्हीच उरता. परिपत्रकाच्या डोक्यावर ठराव क्रमांक आणि तारीख टाका. एजंट ते वाचणार नाही, पण शाखाधिकारी वाचतो, आणि लेखापरीक्षक तर पहिल्यांदा तेच मागतो.

दुसरा कागद म्हणजे खर्चाचा हिशेब. इथं बहुतेक संस्था फसतात, म्हणून तो करून दाखवतो. एका ठेवीदारानं आठवड्याला ५०० रुपये भरले तर ५२ आठवड्यांत २६,००० रुपये जमतात. पण संस्थेकडं वर्षभर २६,००० नसतात. पहिल्या आठवड्यात ५०० असतात, शेवटच्या आठवड्यात २६,०००. सरासरी काढली तर १३,२५० रुपये. एजंटला कमिशन मात्र जमा झालेल्या पूर्ण रकमेवर जातं. ३ टक्क्यांनी ७८० रुपये. हे ७८० सरासरी शिलकेवर पाहिले तर जवळपास ६ टक्के होतात. त्यात ४ टक्के व्याज मिळवलं की हा पैसा संस्थेला सुमारे १० टक्क्यांना पडतो. प्रिंटरचे रोल, अॅपचं भाडं, शाखेतला वेळ वेगळाच. आता बैठकीत कुणी उत्साहानं म्हणालं, 'सुरुवातीला ४ टक्के देऊ, एजंट जोमात पळतील,' तर हा कागद पुढं करा. ४ टक्के कमिशन म्हणजे तोच पैसा १२ टक्क्यांच्या घरात गेला. आपण कर्ज कितीनं देतो ते सगळ्यांना माहीत असतं. दर आधी जास्त जाहीर करून तीन महिन्यांनी कमी केला तर एजंट ते विसरत नाही, त्यामुळं जो दर वर्षभर पेलवेल तोच पहिल्या दिवशी लिहा.

पहिल्या चार ओळी

संस्थेची प्रगती, स्थापना, माननीय अध्यक्षांचं मार्गदर्शन हे सगळं परिपत्रकाच्या शेवटी घ्या किंवा सोडून द्या. पहिल्या चार ओळींत ठेवीचं नाव, खाती कुठल्या तारखेपासून उघडायची, कोण उघडू शकतो, कमिशन एकूण किती आणि प्रशिक्षणाचा पहिला दिवस एवढंच यावं. आमच्या उदाहरणात ते असं होईल:

> साप्ताहिक ठेव दसऱ्यापासून सुरू. ज्या एजंटांना ३० सप्टेंबर रोजी संस्थेत १२ महिने पूर्ण होतात आणि ज्यांच्या खात्यात भरण्याचा न मिटलेला फरक नाही, ते पात्र. कमिशन एकूण ३ टक्के: २ टक्के दरमहा, १ टक्का मुदत पूर्ण झाल्यावर. प्रशिक्षण मंगळवारपासून, सकाळी ८.३० ला, आपापल्या शाखेत. प्रशिक्षणाशिवाय खातं उघडता येणार नाही.

एवढं वाचून एजंटनं मोबाईल खिशात टाकला तरी चालेल. बाकीचं तो घरी वाचेल.

पात्रता: तारीख आणि मोजमाप

माझी एक चूक सांगतो. एका वर्षी मे महिन्यात काढलेल्या परिपत्रकात मी लिहिलं, 'एक वर्ष पूर्ण झालेले एजंट पात्र राहतील.' कुठल्या तारखेला पूर्ण, ते लिहिलंच नाही. मिरजेच्या एक ताई जूनच्या १२ तारखेला वर्ष पूर्ण करणार होत्या. त्यांनी धरलं की योजना जुलैला सुरू होतेय, तोवर वर्ष होतंय, म्हणजे आपण आहोत. शाखेनं परिपत्रकाची तारीख धरली. प्रशिक्षणाच्या सकाळी त्या घरचं सगळं आवरून, बसनं येऊन, सभागृहाच्या दारात उभ्या राहिल्या, आणि यादीत नाव नाही म्हणून त्यांना परत जावं लागलं. शिपायाशी, शाखाधिकाऱ्याशी त्या एक शब्द चढ्या आवाजात बोलल्या नाहीत. मला अजून वाईट वाटतं. त्यांची काहीच चूक नव्हती, माझ्या वाक्यात तारीख नव्हती.

म्हणून पात्रतेच्या प्रत्येक अटीत एक तारीख किंवा एक मोजमाप हवं. 'समाधानकारक काम', 'चांगली वर्तणूक', 'अनुभवी' हे शब्द काढून टाका. त्यांचा अर्थ प्रत्येक शाखाधिकारी आपल्या मनानं लावतो, आणि दोन शाखांतल्या एजंटांची गाठ चहाच्या टपरीवर पडली की वेगवेगळा अर्थ उघडा पडतो. त्याऐवजी, समजा, असं लिहा: ३० सप्टेंबरला १२ महिने पूर्ण, त्याआधीच्या सहा महिन्यांत वसुली आणि भरणा यांत न मिटलेला फरक नाही, दोन जामीनदारांचं पत्र आणि केवायसी शाखेत जमा, मोबाईलवर संस्थेचं अॅप चालतं.

यातली फरकाची अट जरा उलगडून सांगायला हवी, कारण याच अटीवर माणसाची अब्रू जाते. एजंटनं अॅपवर पावती काढली पण पैसे शाखेत भरले नाहीत, तर तो फरक. पण प्रिंटर बंद पडला, नेट गेलं, पावती दोनदा निघाली, अशानंही फरक दिसतो, आणि त्यात एजंटचा दोष नसतो. त्यामुळं परिपत्रकात 'फरक असलेले अपात्र' एवढंच लिहून थांबू नका. 'न मिटलेला फरक' असं लिहा, आणि पुढं जोडा की ज्याच्या खात्यावर फरक दिसतो त्याला शाखा लेखी कळवेल, सात दिवसांत खुलासा करता येईल, आणि फरक मिटल्यावर तो पात्र धरला जाईल. त्यामुळं प्रामाणिक माणूस सुटतो, आणि ज्यानं पैसे खरोखर वापरलेत तो सात दिवसांत समोर येतो.

जे आज पात्र नाहीत त्यांच्यासाठी एक वाक्य ठेवाच: पुढची पात्रता यादी कधी लागेल. '३१ डिसेंबरला दुसरी यादी' एवढं लिहिलं तरी नवे एजंट खचत नाहीत. यादीत नाव असलेल्यांची नावं परिपत्रकाला जोडा. 'आपण पात्र आहात का ते शाखेत विचारावे' असं लिहिलं की शाखेत दिवसभर फोन वाजत राहतो.

कमिशन: चार प्रश्नांची उत्तरं

एजंटच्या मनात कमिशनबद्दल चार प्रश्न असतात. कशावर, किती, कधी, आणि कधी मिळणार नाही. परिपत्रकातला हा भाग सगळ्यात लांब झाला तरी हरकत नाही. इथं शब्द वाचवले की पुढं तास खर्च होतात.

'कशावर' याचं उत्तर सोपं वाटतं, पण तसं नाही. वसूल केलेल्या रकमेवर की भरणा केलेल्या रकमेवर? महिन्याच्या ३१ तारखेला संध्याकाळी तासगावात गोळा केलेले पैसे एजंट १ तारखेला शाखेत भरतो. ते कुठल्या महिन्यात धरायचे? माझं मत स्पष्ट आहे: भरण्याची तारीख धरा. अॅपवरची वसुली हा एजंटचा शब्द आहे, शाखेतला भरणा हा संस्थेच्या पुस्तकातला पैसा आहे. पण त्याच वाक्यात हेही लिहा की वसुली झाल्यावर पुढच्या कामाच्या दिवशी दुपारी १२ पर्यंत भरणा झालाच पाहिजे. नाहीतर भरण्याची तारीख धरायची म्हटल्यावर काहीजण पैसे दोन-चार दिवस स्वतःजवळ ठेवतात, आणि घोटाळ्याची सुरुवात तिथूनच होते.

'किती' आणि 'कधी' यांची उत्तरं एकत्रच द्यावी लागतात. एकूण ३ टक्के. त्यातले २ टक्के दरमहा ५ तारखेला, मागच्या महिन्याच्या भरण्यावर. उरलेला १ टक्का राखीव, खातं ५२ आठवडे पूर्ण करून बंद झालं की त्या खात्यापुरता द्यायचा. हे असं का विभागायचं, ते एजंटला समजावून सांगा.

दुसरी पद्धत अशी असते की ३ टक्के दरमहा द्यायचे आणि खातं मुदतीआधी बंद झालं की दिलेलं कमिशन परत वसूल करायचं. कागदावर दोन्ही सारखीच दिसतात. तासगावच्या एका एजंटचं उदाहरण मांडून बघू. त्याच्याकडं ६० खाती आहेत, सरासरी ५०० रुपयांची. आठवड्याला ३०,००० जमतात. खाती दसऱ्याला उघडली. मार्च आला, लग्नसराई आली, कुणाचं सोसायटीचं पीककर्ज भरायचं आहे, आणि २० आठवडे भरून १२ जणांनी खाती बंद केली. त्या १२ खात्यांत १,२०,००० रुपये जमलेले. परत वसुलीच्या पद्धतीत त्याच्यावरचे ३,६०० रुपये त्या महिन्यात कापले जाणार. उरलेल्या ४८ खात्यांतून चार आठवड्यांत ९६,००० जमले, त्याचं ३ टक्के कमिशन २,८८०. म्हणजे महिनाभर उन्हातान्हात फिरून त्याच्या नावावर उणे ७२०. अशा वेळी माणूस काय करतो? ठेवीदाराला पैसे काढू नका म्हणून गळ घालतो, किंवा खातं जिवंत दिसावं म्हणून पदरचे २०० रुपये भरत राहतो. आणि एकदा पदरचे भरले की ते भरून काढायला दुसऱ्याच्या वसुलीतले वापरले जातात.

राखीव पद्धतीत त्याच महिन्यात त्याला ९६,००० वर २ टक्के, म्हणजे १,९२० मिळतात. बंद झालेल्या १२ खात्यांचा राखीव १ टक्का, १,२०० रुपये, त्याला मिळत नाही. पण हातात आलेलं परत द्यावं लागत नाही. संस्थेचंही नुकसान होत नाही, कारण खातं टिकवण्याची ओढ त्या १ टक्क्यात आहेच.

वर्षाचा हिशेब परिपत्रकात असाच आकड्यांत छापा. साठही खाती टिकली तर वर्षात १५,६०,००० जमतात. कमिशन ३१,२०० दरमहा वाटणीचं आणि १५,६०० राखीव, एकूण ४६,८००. बारा खाती २० आठवड्यांनी गेली तर: त्या बारांवर २ टक्क्यांनी मिळालेले २,४००, टिकलेल्या ४८ खात्यांवर २४,९६० आणि त्यांचा राखीव भाग १२,४८०, एकूण ३९,८४०. दोन्हींत ६,९६० चा फरक. त्यातले १,२०० राखीव भागाचे गेले, बाकीचे ५,७६० म्हणजे जे पैसे गोळाच झाले नाहीत त्यांवरचं कमिशन. असं समोर मांडलं की एजंटला कळतं की संस्था त्याचं काही कापून घेत नाहीये.

हातात किती पडेल तेही दाखवा. चार आठवड्यांच्या महिन्यात १,२०,००० भरणा, कमिशन २,४००. त्यातून अनामतीसाठी १० टक्के म्हणजे २४०, आणि टीडीएस. १ एप्रिल २०२५ पासून कमिशन आर्थिक वर्षात २०,००० च्या वर गेलं तर २ टक्के टीडीएस कापावा लागतो, आणि ही मर्यादा नव्या ठेवीची वेगळी नसते, एजंटचं सगळं कमिशन मिळून धरायची असते. जुन्या पिग्मीचं धरून तो ही मर्यादा ओलांडणारच हे दिसत असेल तर पहिल्या महिन्यापासून कापा; शेवटी मार्चमध्ये सगळं एकदम कापलं की घरखर्चाची ओढाताण होते. इथं ४८ रुपये. हातात २,११२. पॅन जमा नसेल तर २० टक्के जातात, हे एका वेगळ्या ओळीत ठळक लिहा. ज्यांचं एकूण उत्पन्न करपात्र नाही त्यांना कापलेला टीडीएस विवरणपत्र भरून परत मिळतो, हेही सांगा. बऱ्याच एजंटांना वाटतं की कापलं ते गेलंच.

चौथा प्रश्न, कधी मिळणार नाही. इथं दोन गोष्टी येतात.

एक, जुनी पिग्मी मोडून नवी ठेव. काही संस्था नव्या खात्यामागं ५० किंवा १०० रुपये प्रोत्साहन जाहीर करतात. मी ते टाळा असंच म्हणेन. कारण एजंट आपल्याच ठेवीदाराची चालू पिग्मी बंद करून त्याच्याच नावावर साप्ताहिक ठेव उघडतो, प्रोत्साहन घेतो, आणि संस्थेकडं नवा पैसा काहीच येत नाही. उलट ठेवीदाराचं मुदतपूर्व बंद केल्याचं नुकसान होतं. तरी प्रोत्साहन द्यायचंच ठरलं तर अट घाला की ठेवीदाराच्या सभासद क्रमांकावरची पिग्मी गेल्या तीन महिन्यांत बंद झालेली नसावी. हे पकडणं अवघड नाही. सुरुवातीच्या महिन्यात पिग्मी बंद केलेल्यांची यादी आणि नवी खाती उघडलेल्यांची यादी सभासद क्रमांकानं शेजारी शेजारी लावली की दहा मिनिटांत दिसतं.

दुसरी गोष्ट नैसर्गिक आपत्तीची. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं तेव्हा कितीतरी दुकानं पहिल्या मजल्यापर्यंत पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर ठेवीदार आले ते चिखल काढायला आणि माल भरायला पैसे लागतात म्हणून. पिग्मी बंद करून पैसे देणं हेच बरोबर होतं. पण कमिशनच्या नियमात आपत्तीबद्दल एक अक्षर नव्हतं. 'सलग बारा महिने वसुली' ही बोनसची अट त्या महिन्यात कुणीच पुरी करू शकत नव्हतं, अगदी नावेनं फिरला असता तरी. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं. ज्या गावांना नदी माहीत आहे त्यांनी हे वाक्य परिपत्रकात ठेवलंच पाहिजे: पूर किंवा तत्सम आपत्तीत संचालक मंडळाच्या ठरावानं बंद झालेल्या खात्यांचा राखीव भाग जमा रकमेच्या प्रमाणात मिळेल, आणि तो काळ सलगपणाच्या अटीतून वगळला जाईल.

परिपत्रकाच्या शेवटी सवयीनं येणारं 'कमिशन दरात कधीही, पूर्वसूचनेशिवाय बदल करण्याचा अधिकार संस्थेस राहील' हे वाक्य मात्र तपासून घ्या. बँकांच्या ठेव गोळा करणाऱ्या एजंटांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २००१ मध्ये त्यांना कामगार मानलं आणि त्यांचं कमिशन हे वेतनच आहे असं म्हटलं. तो वाद बँकांचा होता, पण एजंटच्या कमिशनला हातउसन्या मर्जीसारखं वागवता येत नाही, एवढं त्यातून दिसतं. 'दरात बदल झाल्यास तो ३० दिवस आधी लेखी कळवला जाईल आणि आधी उघडलेल्या खात्यांना जुनाच दर राहील' असं लिहा. आपल्या वकिलांना एकदा दाखवा.

प्रशिक्षण: कधी, किती, काय

पिग्मी एजंटचा दिवस दोन तुकड्यांत असतो. सकाळी अकरा ते एक आणि संध्याकाळी पाच ते नऊ. दुपारी तो भरणा करतो, जेवतो, थोडा पडतो. त्यामुळं 'दुपारी ३ ते ५' ही शाखेला सोयीची वेळ त्याच्या विश्रांतीवर पडते, आणि 'सकाळी ११' ही वेळ त्याच्या वसुलीवर. सकाळी ८.३० ते १०.३० हीच वेळ चालते. आठवडी बाजाराचा वार त्या शाखेपुरता टाळा. तासगाव, मिरज, आटपाडी सगळ्यांना एकच वार चालणार नाही, म्हणून वेळापत्रक शाखावार लावा.

मोसमाचाही विचार करा. फेब्रुवारीपासून मार्केट यार्डात हळदीचे सौदे, त्याच सुमाराला द्राक्षाचा हंगाम. त्या भागातल्या एजंटांना तेव्हा श्वास घ्यायला वेळ नसतो. गणपतीत वसुली वेगळ्या घाईची असते. मला सगळ्यात सोयीचा वाटलेला काळ म्हणजे पितृपंधरवडा. या दिवसांत लोक नवं खातं उघडायला नाखूश असतात, एजंटला थोडी उसंत असते. पंधरवड्यात खोलीतलं प्रशिक्षण उरकायचं, नवरात्रात मनात राहिलेल्या शंका फेडायच्या, आणि दसऱ्याला पहिलं खातं उघडायचं.

तीन बैठका पुरतात. पण तुकडी पंधरा जणांच्या पुढं नेऊ नका. पहिल्या बैठकीत ठेवीचे नियम आणि वर दिलेला कमिशनचा हिशेब. प्रत्येकानं आपल्या खात्यांचा अंदाज कागदावर स्वतः करायचा. दुसरी बैठक अॅप आणि प्रिंटरची. इथं चाचणीची खोटी खाती तयार ठेवा आणि मुद्दाम नेट बंद करून पावती काढायला लावा, कारण बाजारात नेट जाणारच आहे. पावती निघाली नाही तर काय? पुन्हा बटण दाबायचं नाही, आधी दिवसाची यादी उघडून नोंद पडलीय का ते बघायचं. दोनदा निघालेल्या पावत्यांचे निम्म्याहून अधिक घोळ एवढ्या एका सवयीनं थांबलेले मी पाहिलेत. तिसरी बैठक खोलीत घेऊच नका, ती दसऱ्यापासून बाजारात. शाखेतला एकजण एजंटबरोबर बाजारात जाईल, पहिली तीन-चार खाती त्याच्यासमोर उघडली जातील.

पहिल्या बैठकीत एक गोष्ट तोंडपाठ होईपर्यंत सांगा. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, तो रिझर्व्ह बँकेच्या डीआयसीजीसी या कंपनीचा. पतसंस्थेच्या ठेवीला तो लागू नाही. बाजारात मसालेवाली मावशी विचारते, 'पैसं बुडत न्हाईत न्हवं?' आणि एजंट घाईत म्हणून जातो, 'पाच लाखापर्यंत सरकारची हमी आहे.' हे खोटं आहे आणि ते त्याच्या तोंडून संस्थेच्या नावानं जातं. त्याऐवजी त्यानं काय बोलावं ते शिकवा: संस्था किती वर्षांची, लेखापरीक्षणाचा वर्ग कुठला, मुदतीआधी पैसे काढले तर काय होतं, आणि दर वेळी छापील पावती घेतल्याशिवाय मला पैसे देऊ नका.

शेवटी दहा प्रश्नांची छोटी चाचणी घ्या. तोंडी चालेल. पण एक प्रश्न हिशेबाचा ठेवा: 'तुमच्या ४० खात्यांतून आठवड्याला ३०० प्रमाणे चार आठवडे भरणा झाला, तुम्हाला ५ तारखेला किती मिळतील?' ४८,००० वर २ टक्के, ९६० रुपये, अनामत आणि टीडीएस वजा जाण्याआधी. ज्याला हे सांगता येत नाही त्याला नापास करू नका. त्याच्याशेजारी दहा मिनिटं बसा. चारपाच जणांना जमलं नाही तर चूक एजंटांची नाही, परिपत्रकातलं कमिशनचं वाक्य पुन्हा लिहायला हवं.

पाठवल्यावर

परिपत्रक व्हॉट्सअॅपवर पाठवा, पण छापील प्रत सहीनिशी द्या. सहीच्या रकान्याशेजारी 'शंका' असा एक मोकळा रकाना ठेवा. पहिल्या आठवड्यात त्या रकान्यात काय येतं ते वाचा. 'पाच आठवड्यांचा महिना आला तर?', 'ठेवीदारानं दोन आठवड्यांचे एकदम भरले तर चालतात का?', 'मी आजारी पडलो आणि मुलानं वसुली केली तर?' असे प्रश्न बैठकीत सुचत नाहीत, रस्त्यावर सुचतात. त्यांची उत्तरं आठ दिवसांत एका पुरवणीत द्या, त्याच क्रमांकाखाली, पुरवणी १ म्हणून. (पाच आठवड्यांच्या महिन्यात जेवढा भरणा तेवढं कमिशन. दोन आठवड्यांचे एकदम चालतात, पावत्या मात्र दोन. मुलानं वसुली करायची नाही; शाखेला कळवलं की बदली माणूस देतात.)

मग पहिल्या ५ तारखेची वाट बघा. त्या दिवशी प्रत्येक एजंटला कमिशनची पावती द्या, त्यात भरणा, २ टक्के, अनामत, टीडीएस, हातातली रक्कम आणि त्याखाली 'आजपर्यंतचा राखीव भाग' अशी वेगळी ओळ. ही शेवटची ओळ बहुतेक संस्था छापत नाहीत. छापली की एजंट दर महिन्याला ती आधी बघतो, आणि आकडा चुकला असेल तर त्याच दिवशी काउंटरवर येऊन सांगतो, वर्षानं नाही.